एमपीओ आणि सुदान ब्लॅक: ब्लास्ट पेशींच्या स्टेनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आणि आसपासच्या लॅबमधले टेक्निशियन, डीएमएलटीचे विद्यार्थी, पॅथॉलॉजीचे रेसिडेंट आणि अधूनमधून पेशंटचे नातेवाईक मला जे प्रश्न पाठवतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. काही रात्री अकराला फोटोसकट येतात, "मॅडम, हे पॉझिटिव्ह धरू का?" म्हणून. मोबाइलने आयपीसवरून काढलेल्या फोटोवर मी कधीच हो-नाही सांगत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

1. रिपोर्टमध्ये "ब्लास्ट 80 टक्के" लिहिलंय, म्हणजे ल्युकेमिया आहे हे कळलं. मग कोणता ल्युकेमिया, ते त्याच स्लाइडवर का नाही कळत?

कधी कधी कळतं, बऱ्याचदा नाही. लेशमन स्टेनमध्ये ब्लास्ट म्हणजे मोठं केंद्रक, त्यात एक-दोन न्यूक्लिओलाय आणि भोवती निळसर सायटोप्लाझमची चिंचोळी किनार. मायलॉइड ब्लास्ट जरा मोठा, लिम्फोब्लास्ट जरा लहान, असं पुस्तकात असतं. पण समोरच्या स्लाइडवर लहान मायलोब्लास्टही असतात आणि मोठे लिम्फोब्लास्टही. ब्लास्ट ही पेशीची इतकी कोवळी अवस्था आहे की कुळाच्या खुणा अजून धड उमटलेल्या नसतात.

याला एकच ठाम अपवाद आहे, तो म्हणजे ऑअर रॉड. सायटोप्लाझममध्ये लालसर जांभळी, सुईसारखी बारीक काडी ब्लास्टमध्ये दिसली की ती पेशी मायलॉइड. पण अनेक पेशंटमध्ये ती लेशमनवर सापडतच नाही. अशा वेळी पेशीच्या आत काय साठलंय ते रंगाने दाखवावं लागतं, आणि तेच काम एमपीओ आणि सुदान ब्लॅक करतात.

2. एमपीओ म्हणजे नेमकं काय? तो तपकिरी रंग कशाचा?

मायलोपेरॉक्सिडेज हे एक एन्झाइम आहे. न्यूट्रोफिलच्या वंशातल्या पेशींमध्ये जे पहिल्या फळीचे दाणे तयार होतात, म्हणजे प्रायमरी ग्रॅन्यूल, त्यांत ते भरलेलं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइड वापरून जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल बनवणं हे त्याचं शरीरातलं काम. हे एन्झाइम स्वतः हिरवट रंगाचं असतं. पुवाला जी हिरवी झाक असते ती त्याचीच, आणि मायलॉइड ल्युकेमियाच्या गाठी कापल्यावर कधी कधी हिरव्या दिसतात, तेही त्यामुळेच.

स्लाइडवर आपण त्याला त्याचंच काम करायला लावतो. हायड्रोजन पेरॉक्साइड देतो आणि सोबत डायअमिनोबेंझिडीन, ज्याला सगळे डीएबी म्हणतात. जिथे एन्झाइम आहे तिथे डीएबीचं ऑक्सिडेशन होऊन न विरघळणारा तपकिरी-काळा साका त्याच जागी बसतो. लिम्फोब्लास्टमध्ये हे एन्झाइम नसतं, म्हणून तो कोरा राहतो. मायलोब्लास्टमध्ये सुरुवातीला केंद्रकाच्या खाचेजवळ, गोल्जीच्या जागी, एवढासा ठिपका दिसतो. पेशी जशी प्रोमायलोसाइटकडे सरकते तसे दाणे भरत जातात.

3. सुदान ब्लॅक तेच दाखवतो ना? मग दोन्ही स्टेन कशाला करायचे?

जागा तीच, पण पकडण्याची रीत वेगळी. सुदान ब्लॅक बी हा स्निग्ध पदार्थांत विरघळणारा रंग आहे. दाण्यांमधल्या आणि त्यांच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिडसारख्या घटकांत तो जाऊन बसतो आणि दाणे काळे दिसतात. एन्झाइमशी त्याचा संबंध नाही. तरी दाणे तेच असल्यामुळे एमपीओ आणि सुदान ब्लॅकचे निकाल बहुतेक वेळा हातात हात घालून चालतात.

फरक पडतो तो स्लाइडच्या वयाने. एन्झाइम मरतं, चरबी टिकते. आठवडाभर डब्यात पडलेल्या स्लाइडवर एमपीओ दगा देऊ शकतो. सुदान ब्लॅक कित्येक महिने जुन्या स्लाइडवरही रंगतो. प्रश्न 7 मधली केस याच फरकावर सुटली.

उलट बाजूने सुदान ब्लॅकची एक खोडी आहे. एएलएलच्या, म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या, शेकड्याने एखाद-दुसऱ्या केसमध्ये लिम्फोब्लास्टसुद्धा फिकट राखाडी दिसतात. पण तो रंग धुरकट, पसरलेला असतो, सुटे काळे दाणे नसतात, आणि त्याच पेशंटचा एमपीओ कोरा असतो. राखाडी धूर दिसला तर पॉझिटिव्ह लिहू नका. एकच स्टेन परवडत असेल तर मी ताज्या स्लाइडवर एमपीओ निवडेन आणि जुन्यावर सुदान ब्लॅक.

4. 3 टक्क्यांची रेघ कुठून आली? माझ्याकडे 100 ब्लास्टमध्ये 3 पॉझिटिव्ह आले, तर मायलॉइड म्हणू का?

ही रेघ 1976 मध्ये फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश तज्ज्ञांच्या गटाने, म्हणजे एफएबीने मांडलेल्या वर्गीकरणापासून चालत आली आहे. एकूण ब्लास्टपैकी 3 टक्के किंवा जास्त ब्लास्ट एमपीओ किंवा सुदान ब्लॅक पॉझिटिव्ह असतील तर मायलॉइड. इतका कमी आकडा का, तर सगळे मायलोब्लास्ट अजून दाणे बनवायला लागलेले नसतात. काहींनी जरी सुरुवात केली असेल तरी कूळ कळतं.

आता तुमचे तीन. 100 पेशी मोजून 3 सापडल्या, तर खरा आकडा 1 टक्क्याच्याही खाली असू शकतो किंवा 8 टक्क्यांवरही. 95 टक्के खात्रीचा पट्टा साधारण 0.6 ते 8.5 इतका रुंद आहे. त्या तीनातली एक पेशी जरी मुळात प्रोमायलोसाइट असेल आणि तुम्ही ती ब्लास्ट म्हणून धरली असेल, तर रिपोर्ट एएमएलवरून, म्हणजे ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियावरून, दुसरीकडे सरकला. 500 ब्लास्ट मोजून 15 सापडले तर टक्के तेच 3, पण पट्टा आवळून साधारण 1.7 ते 4.9 होतो. तरीही रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय आहेतच, पण निदान आंधळी कोशिंबीर राहत नाही.

म्हणून माझा शिरस्ता असा: पहिल्या 100 मध्ये 10 किंवा जास्त स्पष्ट पॉझिटिव्ह असतील तर पुढे मोजत बसत नाही. एकही नसेल किंवा 1 ते 9 च्या मध्ये असेल, तर 500 पुऱ्या करते, आणि त्याही दोन वेगवेगळ्या स्लाइडवर. रिपोर्टमध्ये नुसतं "पॉझिटिव्ह" न लिहिता "500 ब्लास्टपैकी 22 पॉझिटिव्ह" असं लिहिते. वाचणाऱ्या हेमॅटॉलॉजिस्टला त्यातून कळतं की मी किती खोल पाहिलं.

मोजायचं काय, हे मात्र आधी ठरवा. टक्केवारीचा छेद फक्त ब्लास्टचा. मॅरोमध्ये उरलेले न्यूट्रोफिल, मायलोसाइट हे सगळे गडद तपकिरी असणारच. ते मोजले तर कुठलाही एएलएल 20 टक्के पॉझिटिव्ह दाखवता येईल. असा रिपोर्ट मी पाहिलेला आहे.

5. आमच्या लॅबमध्ये सुरू करायचंय. प्रत्यक्ष कसं करता, मापांसकट सांगाल का?

एमपीओसाठी स्मिअर पातळ आणि वाऱ्यावर पूर्ण सुकलेला हवा. थंड बफर्ड फॉर्मल ॲसिटोनमध्ये 30 सेकंद फिक्स करायचा. यापेक्षा जास्त ठेवला तर एन्झाइम दबतं, म्हणून घड्याळ लावूनच. मग पाण्याने नीट धुवायचं. पीएच 7.6 चा ट्रिस बफर 60 मिलिलिटर घ्या, त्यात 30 मिलिग्रॅम डीएबी पूर्ण विरघळवा आणि वापरण्याच्या अगदी आधी 30 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 120 मायक्रोलिटर घाला. स्लाइड त्यात 10 मिनिटं. मग धुऊन हिमॅटॉक्सिलिनने एक ते पाच मिनिटं काऊंटरस्टेन, पुन्हा धुवा, सुकवा. काऊंटरस्टेन हलका ठेवा. केंद्रक गडद निळं झालं तर त्याच्यावर बसलेला एवढासा ठिपका दिसेनासा होतो. दोन-तीनच स्लाइड असतील तर सगळं निम्म्याने करा, कारण उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी चालत नाही.

इथे हायड्रोजन पेरॉक्साइड हा खरा खोडकर घटक आहे. बाटली वारंवार उघडली की ते विघटन होऊन अशक्त होतं आणि सगळे रंग फिके येतात. मग कुणीतरी "थोडं जास्त घालू" म्हणतं. जास्त घातलं की तेच पेरॉक्साइड एन्झाइमला मारतं आणि न्यूट्रोफिलसुद्धा कोरे येतात. लहान बाटली घ्या, उघडल्याची तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा. डीएबी कर्करोगकारक असण्याचा संशय आहे, म्हणून हातमोजे घालून वजन करा, आणि पावडर पंख्याखाली उघडू नका. पुण्याच्या मे महिन्यात हे सांगावं लागतं.

सुदान ब्लॅकला वेळ जास्त, काळजी कमी. स्मिअर फॉर्मलिनच्या वाफेत 5 ते 10 मिनिटं. 100 मिलिलिटर ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये 0.3 ग्रॅम सुदान ब्लॅक बी हा साठ्याचा रंग. त्याचे 60 मिलिलिटर आणि फिनॉल-फॉस्फेट बफरचे 40 मिलिलिटर असं कामाचं द्रावण करून गाळायचं, आणि स्लाइड त्यात झाकून एक तास. बाहेर काढल्याबरोबर 70 टक्के अल्कोहोलने धुवायचं, तीन वेळा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. शेवटी लेशमनने काऊंटरस्टेन. न गाळता वापरलं तर काळे कण पेशींवर आणि पेशींच्या बाहेरही पडतात. बाहेर कण दिसले की आतल्या कणांवरही विश्वास ठेवायचा नाही.

6. सगळेच ब्लास्ट कोरे आले. स्टेन लागला नाही की पेशंटच निगेटिव्ह आहे, हे कसं ओळखायचं?

ब्लास्टकडे पाहायच्या आधी न्यूट्रोफिल शोधा. त्याच स्लाइडवर, त्याच फिल्डच्या आसपास. न्यूट्रोफिल गडद तपकिरी, दाण्यांनी खच्चून भरलेला दिसला, तर स्टेन लागलाय आणि ब्लास्टचा कोरेपणा खरा आहे. न्यूट्रोफिलच फिकट चहासारखा दिसत असेल तर रिपोर्ट लिहायचा नाही.

अडचण अशी की ल्युकेमियात कधी कधी शोधूनही न्यूट्रोफिल मिळत नाही, किंवा मिळतो तो आजारी असतो, दाणे कमी असलेला. म्हणून प्रत्येक बॅचसोबत एका निरोगी माणसाचा त्याच दिवशी काढलेला स्मिअर हवाच. आमच्याकडे तो बहुतेकदा टेक्निशियनच्याच बोटाचा असतो, आणि सोमवारी कुणाची पाळी यावर वाद होतो. निरोगी माणसाचा कंट्रोल चांगला लागला आणि पेशंटचा न्यूट्रोफिल कोरा, तर ते वेगळं प्रकरण आहे. त्यासाठी प्रश्न 10 पाहा.

7. जुन्या स्लाइडवर एमपीओ खरंच इतका फसवतो का? एखादं उदाहरण?

एक सविस्तर सांगते. जुलै महिना होता. भोरकडच्या एका 46 वर्षांच्या गृहस्थांच्या स्लाइड आमच्याकडे आल्या. हिमोग्लोबिन 6.8, पांढऱ्या पेशी 62,000, प्लेटलेट 18,000. नातेवाईक पाच दिवस इकडून तिकडे हिंडले होते, आणि स्लाइड त्यांच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या डबीत. लेशमनवर 88 टक्के ब्लास्ट, मध्यम आकाराचे, सायटोप्लाझम अगदीच कमी, दाणे नाहीत. ऑअर रॉड शोधायला अर्धा तास दिला, मिळाला नाही. दिसायला तर लिम्फोब्लास्टसारखेच.

एमपीओ लावला. 500 ब्लास्ट, पॉझिटिव्ह शून्य. आमच्या नव्या रेसिडेंटने मसुद्यात "एमपीओ निगेटिव्ह, एएलएलशी सुसंगत" असं लिहूनही टाकलं. पलीकडून फिजिशियनचा फोन आलेला होता, स्टिरॉइड सुरू करू का म्हणून. एएलएलच्या उपचाराची सुरुवात स्टिरॉइडने होते, त्यामुळे त्यांचं विचारणं रास्त होतं.

मी स्लाइड परत फिरवली आणि शेपटीकडे तीन न्यूट्रोफिल सापडले. तिन्ही फिकट, पाणचट तपकिरी. शेजारच्या कंट्रोल स्लाइडवरचे न्यूट्रोफिल मात्र काळेभोर. म्हणजे द्रावण बरोबर होतं, पेशंटच्या स्लाइडमधलं एन्झाइम थकलं होतं. मसुदा थांबवला, फोन करून नवं रक्त मागवलं, आणि तोवर त्याच जुन्या स्लाइडमधल्या उरलेल्या दोनांवर सुदान ब्लॅक लावला.

तासा-दीड तासाने उत्तर आलं. न्यूट्रोफिल काळे, आणि 500 ब्लास्टपैकी 64 मध्ये केंद्रकाच्या खाचेत सुटे काळे दाणे. म्हणजे 12.8 टक्के. एका ब्लास्टमध्ये काळी, सरळ, टोकदार काडी: लेशमनवर लपलेला ऑअर रॉड इथे उघडा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून ताजं रक्त आलं, त्यावर एमपीओ 500 पैकी 47, म्हणजे 9.4 टक्के. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे अँटिबॉडीने पेशींच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीत, मायलॉइड खुणा सीडी13, सीडी33, सीडी117 पॉझिटिव्ह, लिम्फॉइड खुणा सीडी19 आणि पेशीच्या आतला सीडी3 निगेटिव्ह. निदान एएमएल. या आजाराला सायटाराबीन आणि डॉनोरुबिसिन लागतं. नुसत्या स्टिरॉइडने आठवडा वाया गेला असता.

आता आमच्याकडे 48 तासांपेक्षा जुन्या स्लाइडवर एमपीओ निगेटिव्ह आला तर सुदान ब्लॅक केल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही. चूक त्या रेसिडेंटची म्हणून सोडून देता आली असती, पण जुनी स्लाइड आहे हे मी अर्जावर वाचलं होतं आणि तरीही एमपीओ लावायला सांगितला होता.

8. दोन्ही स्टेन नीट लागले आणि दोन्ही निगेटिव्ह. मग एएलएलच ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा हाच प्रश्न आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

पॉझिटिव्ह निकाल पेशीत काहीतरी आहे हे सांगतो. निगेटिव्ह निकाल फक्त ते सापडलं नाही एवढंच सांगतो, आणि ते न सापडणाऱ्या मायलॉइड पेशीही असतात. अगदी कमी प्रगल्भ एएमएल, जुन्या भाषेत एम0, यात 3 टक्क्यांपेक्षा कमी ब्लास्ट रंगतात, तरी त्यांच्या पृष्ठभागावर सीडी13, सीडी33, सीडी117 सारख्या मायलॉइड खुणा असतात. मोनोब्लास्ट बऱ्याचदा कोरेच असतात किंवा त्यांत तुरळक, धुळीसारखे बारीक दाणे दिसतात. मेगाकॅरिओब्लास्टमध्ये तर एमपीओ नसतोच. तो ओळखायला सीडी41 आणि सीडी61 लागतात.

म्हणून दोन्ही निगेटिव्ह असतील तेव्हा रिपोर्टमध्ये "एएलएल" न लिहिता "एमपीओ आणि सुदान ब्लॅक निगेटिव्ह ॲक्यूट ल्युकेमिया, इम्युनोफेनोटायपिंग आवश्यक" असं लिहावं. पेशी मोठ्या, केंद्रक घडी पडलेलं, सायटोप्लाझम भरपूर असेल तर नॉन-स्पेसिफिक एस्टरेज लावा. मोनोब्लास्टमध्ये तो पसरलेला, गडद येतो आणि सोडियम फ्लोराइड घातल्यावर विझतो. पाच वर्षांचं मूल, लहान एकसारखे ब्लास्ट, दोन्ही स्टेन कोरे, तर एएलएलची शक्यता खूप मोठी आहे हे मान्य. पण शक्यतेवर मुलाची केमोथेरपी ठरत नाही. बी की टी, हे तरी फ्लोनेच कळणार.

9. लाल पेशीच तपकिरी झाल्यात, आणि काही ब्लास्टवरही तपकिरी डाग आहेत. हे पॉझिटिव्ह धरायचं का?

हिमोग्लोबिनही पेरॉक्सिडेजसारखं वागतं. फिक्सिंग नीट झालं नाही किंवा डीएबीत स्लाइड जास्त वेळ राहिली की लाल पेशी सरसकट तपकिरी होतात, आणि त्या ब्लास्टवर चढलेल्या असतील तर ब्लास्ट पॉझिटिव्ह भासतो. इरिथ्रोब्लास्टही असेच फसवतात.

बारीक स्क्रू फिरवून पाहा. खरा दाणा पेशीच्या आत, केंद्रकाच्या पातळीवर फोकसमध्ये येतो, त्याला कडा असते. वर बसलेला डाग वेगळ्या पातळीवर स्पष्ट होतो आणि खाली गेलात की पुसट होतो. तुटलेल्या न्यूट्रोफिलमधून सांडलेले दाणे ब्लास्टवर चिकटतात तेही असेच पकडता येतात. जाड भागात मोजू नका, जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे मोजा. शंका आली ती पेशी सोडून पुढे जा. 500 मोजताय, एक गेली तर बिघडत नाही.

10. कंट्रोल उत्तम, पण पेशंटचे न्यूट्रोफिल पूर्ण कोरे आणि इओसिनोफिल मात्र गडद. असं होतं का?

होतं. काही माणसांत मायलोपेरॉक्सिडेजची जन्मजात कमतरता असते आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा त्रास जाणवतही नाही. इओसिनोफिलचं पेरॉक्सिडेज वेगळ्या जीनवरून बनतं, म्हणून ते शाबूत राहतं. तुम्ही पाहिलंत ते चित्र म्हणजे या कमतरतेची खूणच. काही मायलोडिस्प्लास्टिक आजारांत आणि एएमएलमध्येही न्यूट्रोफिल ही क्षमता गमावतात, पण तिथे सहसा काही न्यूट्रोफिल रंगतात आणि काही नाही. दोन्हीत ब्लास्टचा निगेटिव्ह निकाल कुळाबद्दल काहीच सांगत नाही. सरळ फ्लोकडे जा.

आणखी एक: इओसिनोफिलचे दाणे सुदान ब्लॅकमध्ये कडेने काळे आणि मध्ये फिकट दिसतात. बांगडीसारखे. नव्या माणसाला ते स्टेनचा दोष वाटतो, पण तसं नाही.

11. आता फ्लो सायटोमेट्री आहे, तर हे जुने स्टेन कोण करतं?

पूर्ण उत्तर फ्लोच देतं, यात वाद नाही. पण पुण्याबाहेर, तालुक्याच्या लॅबमध्ये फ्लो नसतो. नमुना जायला, रिपोर्ट यायला वेळ लागतो. एमपीओ अर्ध्या तासात होतो आणि त्याला सूक्ष्मदर्शक आणि दोन बाटल्या पुरतात.

हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा ठरतो तो ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, म्हणजे एपीएलमध्ये. तिथे रक्तस्रावाने पेशंट पहिल्या काही दिवसांतच दगावू शकतो, आणि संशय आल्याबरोबर, जनुकीय तपासणीची वाट न पाहता, ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड सुरू करायचं असतं. त्यातला एक प्रकार फसवा: दाणे इतके बारीक की लेशमनवर दिसतच नाहीत, केंद्रक दोन पाळ्यांचं, आणि सगळं चित्र मोनोसाइटसारखं. एमपीओ लावला की जवळपास प्रत्येक पेशी काळी ठिक्कर होते, केंद्रकही झाकलं जातं. मोनोब्लास्ट असते तर कोरे किंवा धुळीसारखे दिसले असते. असा निकाल दिसला की मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट पाहत नाही, वॉर्डला फोन करते.

तांत्रिक फरकही लक्षात ठेवा. फ्लोमधली अँटिबॉडी एमपीओचं प्रथिन पकडते, स्लाइडवरचा स्टेन त्याचं काम पकडतो. प्रथिन आहे पण काम करत नाही, किंवा स्टेनला दिसण्याइतकं नाही, अशा पेशी फ्लोमध्ये पॉझिटिव्ह आणि स्लाइडवर निगेटिव्ह येतात. दोन रिपोर्ट जुळले नाहीत म्हणजे कुणीतरी चुकलं, असं लगेच धरू नका.

12. फ्लोमध्ये सीडी19 पण पॉझिटिव्ह आणि एमपीओ पण. मग हा कोणत्या बाजूचा?

कधी कधी दोन्ही बाजूंचा. एकाच पेशीत दोन्ही कुळांच्या खुणा, किंवा एकाच पेशंटमध्ये ब्लास्टच्या दोन वेगळ्या टोळ्या, याला मिक्स्ड फेनोटाइप म्हणतात. इथे स्लाइडचा उपयोग असा की दोन टोळ्या असतील तर त्या डोळ्यांना दिसतात: लहान कोरे ब्लास्ट वेगळे, मोठे दाणेदार ब्लास्ट वेगळे.

पण सावकाश. एरवी सरळ बी-एएलएल असलेल्या काही केसमध्ये फ्लोवर नुसता फिकट एमपीओ दिसतो, बाकी मायलॉइड काहीच नाही. केवळ त्या एका गोष्टीवर मिक्स्ड म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या वर्गीकरणात म्हणूनच एमपीओ किती गडद आहे, न्यूट्रोफिलच्या तुलनेत किती, यालाही महत्त्व दिलंय. अशा वेळी स्लाइडवरचा एमपीओ खरोखर दाणेदार आहे का, हे पाहून हेमॅटॉलॉजिस्टला सांगा. निर्णय त्यांचा.

13. माझ्या आईच्या रिपोर्टमध्ये एमपीओ 92 टक्के आहे. म्हणजे आजार खूप वाढलाय का?

नाही. हा आकडा आजार किती पसरला ते सांगत नाही. ब्लास्ट कोणत्या कुळाचे आहेत आणि त्यांतले किती दाणे बनवतात, एवढंच सांगतो. 92 असो वा 12, कूळ मायलॉइडच. पुढचं काय ते क्रोमोसोम आणि जनुकांच्या तपासण्यांवर ठरतं. त्यांच्या हेमॅटॉलॉजिस्टना त्याबद्दल विचारा, या आकड्याबद्दल काळजी करत बसू नका.

14. आमच्याकडून पुण्याला स्लाइड पाठवायच्या आहेत. कशा पाठवाव्यात?

रक्ताची ईडीटीए ट्यूब आणि स्लाइड दोन्ही पाठवा, नुसत्या स्लाइड नकोत. किमान सहा न रंगवलेले स्मिअर करा: एक लेशमनला, दोन एमपीओला, दोन सुदान ब्लॅकला, एक राखीव. पावसाळ्यात स्मिअर हवेतल्या दमटपणामुळे सावकाश सुकतो आणि पेशी आकसतात, लाल पेशींत चकाकणारे बुडबुडे दिसतात. म्हणून पंख्याखाली हलवत पटकन सुकवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको. सुकल्यावर उजेडापासून दूर, झाकणाच्या डबीत ठेवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचेल असं बघा.

मॅरो बायॉप्सीची फॉर्मलिनची बाटली त्याच खोक्यात टाकू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ निसटते आणि लेशमनवर सगळ्या पेशी हिरवट-निळ्या, मातकट दिसतात. वेगळी पिशवी, शक्य असेल तर वेगळा माणूस.

आणि स्लाइडच्या खरखरीत टोकावर नाव, नंबर, तारीख पेन्सिलनेच लिहा. स्केचपेन आणि बॉलपेनची शाई सुदान ब्लॅकच्या अल्कोहोलमध्ये धुऊन जाते, आणि मग आमच्या टेबलावर चार निनावी स्लाइड उरतात.